सेक्रेटरीच नाही, मग सेक्रेटेरियल ऑडिट कसलं?

धाकटी_सून_बोदवड

नमस्कार मंडळी. आमची घरची जिनिंग-प्रेसिंग आणि सरकी तेलाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. सासरे आणि मोठे दीर डायरेक्टर, ऑफिस मी बघते. यंदा दिवाळी झाल्यावर आमचे सीए म्हणाले, "आता तुम्हाला सेक्रेटेरियल ऑडिट लागणार." मामंजींनी एकच प्रश्न विचारला, "आपण सेक्रेटरी कधी ठेवलाच नाही, मग त्याचं ऑडिट कसलं?" मलाही उत्तर देता आलं नाही.

आकडे असे. पेड-अप भांडवल ६ कोटी, गेल्या वर्षीची उलाढाल ३१० कोटी. ३१ मार्च २०२५ ला बँकेची मुदत कर्जाची बाकी १६ कोटी, सीसी म्हणजे कॅश क्रेडिट ८६ कोटी. याशिवाय बँक गॅरंटी ४ कोटी, एका फायनान्स कंपनीचं गाडीकर्ज ६० लाख, घरच्यांनी घातलेले ७ कोटी. हे ऑडिट खरंच लागतं का, आणि त्यात बघतात तरी काय?

वहीखातं_अमळनेर

ताई, लागतंच. २५० कोटींच्या वर उलाढाल गेली की सेक्रेटेरियल ऑडिट. तुमची ३१० आहे, विषय संपला. आणि कर्जही सगळं मिळून ११३ कोटी ६० लाख होतंय. जो सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, तुमचे आरओसीचे, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे, फॉर्म भरतो त्यालाच सांगा, तो सही करून देईल. एका दिवसाचं काम.

देवपूरचा_काका

आमच्या सोसायटीतही हाच घोळ आहे. सेक्रेटरी तीन वर्षं हिशेब दाखवत नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले कोणाला माहीत नाही. सेक्रेटरीचं ऑडिट करायला उपनिबंधकांकडे अर्ज द्यायचा की आधी सर्वसाधारण सभेत ठराव करायचा?

दादरनी_भाकर

काका, हाई कंपनीनं चालू शे, सोसायटीनं नही. 😀 तुम्हना लिफ्टना येगळा धागा काढा.

सही_शिक्का

मी जळगावात प्रॅक्टिस करणारा सीएस. वहीखातं भाऊंचं उत्तर बरोबर आहे, पण कारण चुकलंय. आणि कारण चुकलं की पुढच्या वर्षी उत्तरही चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

५० कोटी पेड-अप किंवा २५० कोटी उलाढाल हे दोन निकष पब्लिक कंपनीसाठी आहेत. ताईंची कंपनी प्रायव्हेट. तिची उलाढाल हजार कोटी झाली तरी त्या कारणानं हे ऑडिट लागत नाही. पण २०२० मध्ये नियमात तिसरा निकष आला आणि त्यात 'पब्लिक' हा शब्दच नाही, 'प्रत्येक कंपनी' असं आहे. बँका किंवा सार्वजनिक वित्तीय संस्थांच्या कर्जाची बाकी १०० कोटी किंवा जास्त असेल तर कंपनी कायद्याच्या कलम २०४ खाली सेक्रेटेरियल ऑडिट. प्रायव्हेट कंपन्या यात सापडतात त्या याच दारातून. आपल्याकडे जिनिंग, डाळ मिल, तेल मिल यांचं भांडवल छोटं आणि सीसी मोठं, म्हणून आपल्या भागात हे जास्त दिसतं.

आता मोजायचं काय? फक्त बँकेची बाकी. १६ अधिक ८६, म्हणजे १०२. गॅरंटी हे कर्ज नाही, ती वठली आणि बँकेला पैसे भरावे लागले तर गोष्ट वेगळी. गाडीकर्ज देणारी फायनान्स कंपनी बँक नाही, कायद्याला अभिप्रेत असलेली सार्वजनिक वित्तीय संस्थाही नाही. घरचे ७ कोटी तर नाहीच. आणि मंजूर मर्यादा बघायची नसते, उचललेली बाकी बघायची. मर्यादा १३० कोटी आणि बाकी ९८ असती तर तुम्ही सुटला असता.

मामंजींच्या प्रश्नाचं उत्तर: सेक्रेटरी नेमणं आणि हे ऑडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रायव्हेट कंपनीला पूर्णवेळ सीएस नेमावा लागतो तो पेड-अप भांडवल १० कोटी झालं की. तुमचं ६ आहे, म्हणून सेक्रेटरी सक्तीचा नाही, ऑडिट मात्र सक्तीचं. विचित्र वाटतं खरं. पण या ऑडिटमध्ये सेक्रेटरी नावाच्या माणसाला तपासत नाहीत. सेक्रेटरीनं जी कामं करायची असतात, ती कंपनीत कुणी तरी केली का, हे तपासतात. तुमच्याकडे तो 'कुणीतरी' बहुधा तुम्हीच आहात.

धाकटी_सून_बोदवड

अरे देवा. म्हणजे ऑडिट माझंच होणार! 🙈

निवृत्त_शाखाधिकारी

मी चाळीसगावचा, बँकेतून निवृत्त. एक शंका. कापसाचा सीझन दसऱ्यापासून मार्चपर्यंत, म्हणजे ३१ मार्चला सीसी फुगलेलं असणारच. गणपतीत तेच खातं निम्म्यावर येतं. काही पार्ट्या ३० मार्चला कुठून तरी पैसे आणून भरत आणि २ एप्रिलला उचलत. तेव्हा ते ताळेबंद चांगला दिसावा म्हणून करत, आता या १०० कोटींसाठी करतील. चालतं का ते?

सही_शिक्का

साहेब, नियम ताळेबंदाच्या शेवटच्या दिवसाची बाकी बघतो, सरासरी बघत नाही. त्यामुळे अक्षरशः पाहिलं तर चालतं. पण ते 'कुठून तरी' काय असतं, हा खरा प्रश्न. बहुतेक वेळा भावाच्या फर्ममधून येतात आणि परत जातात. परत जातात तेव्हा कंपनीनं डायरेक्टरच्या नातेवाइकाला पैसे दिले असं कागदावर दिसतं. एक ऑडिट टाळायला त्याहून मोठं लफडं मागे लागतं.

दुसरा वाद असा की कोणत्या वर्षाचा ३१ मार्च? नियमात 'अलीकडच्या लेखापरीक्षित ताळेबंदाची शेवटची तारीख' अशा अर्थाचे शब्द आहेत. मी आणि बरेच जण मागच्या वर्षअखेरची बाकी घेऊन चालू वर्षाला लावतो. म्हणजे ताईंचे मार्च २०२५ चे १०२ कोटी, त्यावरून २०२५-२६ चं ऑडिट.

नंदुरबारची_सीएस

मी नाशिकला एका कंपनीत नोकरीत आहे. आमच्या ऑडिटरचं मत उलटं. ते म्हणतात, अहवाल लिहायच्या दिवशी अलीकडचा ताळेबंद त्याच वर्षाचा असतो, म्हणून तोच बघायचा. तसं धरलं तर ताईंना २०२४-२५ लाच लागायला हवं होतं.

सही_शिक्का

हो, तसं वाचणारे आहेत. शब्दांत दोन्ही बसतं. तसं वाचलं तर वर्ष संपेपर्यंत कंपनीला आपल्याला ऑडिट लागणार की नाही हेच कळणार नाही, आणि ऑडिटर वर्षाच्या मध्येच नेमणं तर बरं. म्हणून मी माझ्या बाजूला आहे. पण भांडण मिटलेलं नाही.

ताई, मार्च २०२४ ला बाकी किती होती?

धाकटी_सून_बोदवड

७८ कोटी. पण दादा, बघतात काय ते सांगा ना. आमचे सीए सगळं तपासतातच की दरवर्षी.

सही_शिक्का

७८, म्हणजे माझ्या वाचनानं २०२४-२५ ला ऑडिट लागत नव्हतं. आता बघतात काय ते. सीए हिशेब तपासतो: पैसे आले का, गेले का, माल आहे का. मी विचारतो की ते पैसे द्यायचं ठरवलं कुणी, त्याला तो अधिकार होता का, त्या बैठकीची नोटीस निघाली होती का, आणि ठरल्यावर रजिस्ट्रारला मुदतीत कळवलं का. जीएसटी-आयकराच्या आकड्यांना मी हात लावत नाही.

खरा अनुभव सांगतो, नावं गाव नको. दोन वर्षांपूर्वीची धुळ्याकडची एक कंपनी, २०२३-२४ चं ऑडिट. सीसी मर्यादा ६० वरून ८५ कोटी झाली होती. मी सुरुवात नेहमी एकाच कागदापासून करतो, बँकेचं मंजुरीपत्र. ते हातात धरून मागे-पुढे चालत जायचं.

मागे गेलो तर बोर्डाचा ठराव. मिनिट बुकात, म्हणजे बैठकांच्या इतिवृत्ताच्या वहीत, १० नोव्हेंबर २०२३ ची बैठक, तिघेही डायरेक्टर हजर, ठराव छान. पण ठरावात मंजुरीपत्राचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली, १३ नोव्हेंबर! १० तारखेच्या बैठकीत १३ तारखेचं पत्र कुणी वाचलं? मग नोटीस मागितली. किमान सात दिवस आधी लेखी नोटीस लागते. मेल नाही, पोचपावती नाही. हजेरीपत्रकावर वर्षभराच्या पाचही बैठकांच्या सह्या एकाच पेनानं, एकाच जोमात केलेल्या. मार्चच्या शेवटी एका दुपारी बसून पाच बैठका 'झाल्या' होत्या.

पुढे गेलो तर बोजाची नोंद. बँकेला माल तारण दिला की ३० दिवसांत सीएचजी-१ फॉर्म रजिस्ट्रारकडे. मर्यादा वाढली तरी तोच फॉर्म, बदल म्हणून. तारणाचा दस्त १४ नोव्हेंबरचा. कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीचं बोजांचं पान उघडलं तर अजून ६० कोटीच. अकाउंटंट म्हणाला, "फॉर्म भरलाय साहेब, हे बघा चलन." चलन खरं होतं. पण फॉर्म त्रुटीसाठी परत आला होता आणि दुरुस्त करून पाठवायची मुदत निघून गेली होती. चलन फाईलला लागलं, स्थिती कुणी बघितलीच नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

हे फार होतं. शाखेचा माणूस डिजिटल सही करून मोकळा होतो, कंपनीचा माणूस चलन बघून मोकळा. पण असं झालं तर बँक अडचणीत. नोंद नसलेला बोजा कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर मोजत नाही. २५ कोटींचं तारण कागदावरच राहतं.

वहीखातं_अमळनेर

लेट फी भरून टाकायची की. आरओसीत काय, पैसे भरले की सगळं होतं.

सही_शिक्का

सगळं नाही होत, तीच तर गंमत. पहिले ३० दिवस साधे. पुढचे ३० जादा फी देऊन. त्यापुढचे ६० आणखी मोठ्या, रकमेच्या प्रमाणातल्या फीनं. एकूण १२० दिवस, म्हणजे या केसमध्ये १३ मार्च २०२४. मी बघत होतो जुलैत. पूर्वी उशीर माफ करून घ्यायची वाट होती, २०१८ च्या अखेरीस नियम बदलले आणि नोंदणीच्या उशिरासाठी ती बंद झाली. शेवटी बँक आणि कंपनीनं नवा पूरक दस्त केला आणि त्याच्या तारखेपासून मुदतीत नोंद केली. पुढचं सुरक्षित झालं, पण मधले आठ महिने उघडे पडले ते पडलेच. कलम ८६ मध्ये याला कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५० हजार दंड आहे.

मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. मालक म्हणाले, "साहेब, मिनिटाचं तेवढं वगळा." नाही वगळलं. अहवालाच्या एमआर-३ या ठरलेल्या नमुन्यात मला स्पष्ट लिहावं लागतं की बैठकांची नोटीस पुरेशी आधी दिली होती. खोटं कसं लिहू? हा अहवाल डायरेक्टरांच्या अहवालाला जोडला जातो आणि प्रत्येक शेऱ्यावर बोर्डाला उत्तर लिहावं लागतं. तो मग बँकही वाचते. पुढच्या वर्षी त्या मालकांनी दुसरा सीएस शोधला. चालायचंच.

दादरनी_भाकर

भाऊ, घरनाच दोन डायरेक्टर, बाप आनि पोरगा. सकाय-संध्याकाय एकाच ताटवर बसतस. त्यास्नी सात दिवस आधी एकमेकले नोटीस देवानी? हाई तं नाटक शे.

नंदुरबारची_सीएस

नाटकच वाटतं, पण भावाभावांत फाटलं की तेच नाटक कोर्टात पुरावा होतं. "मला विचारलंच नव्हतं" असं धाकटा म्हणतो तेव्हा नोटिशीचा मेल शोधत बसतात.

माझ्या कामाबद्दल सांगते, कारण सेक्रेटरी म्हणजे मिनिटं लिहिणारा कारकून असं आमच्या घरीसुद्धा वाटतं. माझ्या टेबलावर एक कॅलेंडर आहे. दोन बोर्ड बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, ती तारीख लाल. एप्रिलपासूनच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक डायरेक्टरनं आपला हितसंबंध कुठे-कुठे आहे ते लिहून द्यायचं, ती फाईल. बैठक झाली की १५ दिवसांत मिनिटांचा मसुदा सगळ्यांना, सात दिवस त्यांचे आक्षेप, ३० दिवसांच्या आत वहीत नोंद. पण अर्धं काम म्हणजे "सर, हे आज करता येणार नाही, आधी ठराव लागेल" असं एमडींना तोंडावर सांगणं. ते कुठल्या कॅलेंडरात नसतं.

मीही सापडलेय बरं का. माझ्या पहिल्या वर्षी ऑडिटरनी मसुदा पाठवल्याचा पुरावा मागितला. मी तो व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि फोन बदलला होता. 🙄

धाकटी_सून_बोदवड

सगळं वाचून पोटात गोळा आला. आमचं मिनिट बुकही मार्चमध्येच लिहिलं जातं, खोटं कशाला बोलू. दुसरं एक विचारायचं होतं. मोठ्या दिरांची सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरची भागीदारी फर्म आहे. दीर आणि जाऊबाई भागीदार. कंपनीनं तिला गेल्या जूनमध्ये १ कोटी ४० लाख दिले, बिनव्याजी, परत यायचेत. खात्यावर 'आगाऊ' म्हणून दिसतात. सीएंनी काही म्हटलं नाही. यावर शेरा येईल का?

वहीखातं_अमळनेर

प्रायव्हेट कंपनीला डायरेक्टरच्या कर्जाची बंदी नाही. २०१५ ला सूट मिळालीय, बिनधास्त राहा.

सही_शिक्का

पुन्हा अर्धं बरोबर. सूट मिळाली ती खरी, पण अटींवर. दुसऱ्या कुठल्या कंपनीचे पैसे भांडवलात नकोत, परतफेड थकलेली नको, आणि बँका वगैरेंचं कर्ज पेड-अपच्या दुप्पट किंवा ५० कोटी, यातलं जे कमी त्याच्या आत हवं. ताईंची दुप्पट म्हणजे १२ कोटी. बाकी १०२ कोटी. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला ऑडिटमध्ये आणते तीच ही सूटही काढून घेते. सूट गेली की कलम १८५ पूर्ण लागू. ज्या फर्ममध्ये डायरेक्टर किंवा त्याचा नातेवाईक भागीदार आहे तिला कर्ज देता येत नाही. सभेत ठराव करून देता येतं ते डायरेक्टरचा हितसंबंध असलेल्या कंपनीला, तेही अटींवर. भागीदारी फर्मला ती वाट नाही. दंड ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत, आणि डायरेक्टरला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

धाकटी_सून_बोदवड

पण ते कर्ज नाही म्हणता येणार ना? आगाऊ आहे, खात्यातही तसंच लिहिलंय.

सही_शिक्का

खात्यातलं नाव मी वाचतो आणि बाजूला ठेवतो. आगाऊ असेल तर कशासाठी? जिनिंगवाला केळी पिकवणाऱ्याकडून काय घेणार? ऑर्डर, करार, बदल्यात आलेला माल, काहीच नसेल तर ते कर्जच. कायद्यातही शब्द नुसता 'कर्ज' नाही, खात्यावर नुसतं येणं म्हणून मांडलेलं कर्जही त्यात धरलं आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

आणि सीसीचे पैसे कापसासाठी मंजूर असतात, केळीच्या चेंबरसाठी नाही. ऑडिटरआधी बँकच विचारेल.

नंदुरबारची_सीएस

सही_शिक्का सर, एक मतभेद. फर्मला खरंच कोल्ड स्टोरेज असेल आणि कंपनीची सरकी ढेप तिथे ठेवली असेल, तर भाड्याचं आगाऊ म्हणून व्यवहार टिकतो. मग तो १८५ मधून निघून १८८ मध्ये जाईल, संबंधित पक्षाचा व्यवहार म्हणून. बोर्डाचा ठराव आणि बाजारभाव दाखवावा लागेल एवढंच.

सही_शिक्का

खरंच ठेवली असेल तर. पिकवायच्या चेंबरमध्ये ढेप ठेवल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, पण ताईंनीच सांगावं. जूनची तारीख टाकून आज करार बनवू नका, एवढं मात्र नक्की. स्टॅम्प पेपर कधी विकला गेला ते त्याच्या मागेच लिहिलेलं असतं.

धाकटी_सून_बोदवड

ढेप नाही ठेवली कधी. पैसे परत घेतले तर?

सही_शिक्का

घ्या, लगेच, आणि बँकेच्या खात्यातून. मार्चच्या आत परत आले तर ताळेबंदात बाकी दिसणार नाही, पण व्यवहार वर्षात झालाच, म्हणून अहवालात ओळ येईल. 'दिले होते, अमुक तारखेला परत आले' अशी ओळ आणि 'अजून बाकी आहे' अशी ओळ यात फरक असतो. पुढे तडजोडीचा अर्ज करायचा झाला तरी परत आलेले पैसे उपयोगी पडतात. आणि मागच्या बैठकांची मिनिटं नव्यानं लिहू नका. जे झालं नाही ते झालं नाही. राहिलेल्या महिन्यांत नीट नोटीस काढून बैठका घ्या. पहिल्याच बैठकीत सेक्रेटेरियल ऑडिटर नेमायचा ठराव करा. नेमणूक बोर्डच करतं, आणि प्रॅक्टिस करणाराच सीएस लागतो, नोकरीतला नाही.

वहीखातं भाऊ म्हणाले तसं, फॉर्म भरणाऱ्यालाच देऊ नका. त्यानं भरलेले फॉर्म त्यानंच तपासायचे, यात तपासणं कुठे राहिलं? मी स्वतः अशी कामं घेत नाही. काही जण घेतात.

वहीखातं_अमळनेर

छोट्या गावात दुसरा सीएस आणायचा कुठून? आणि हे नाहीच केलं तर काय होतं, तेही सांगा.

सही_शिक्का

२ लाख दंड. कंपनीला, अधिकाऱ्याला, आणि चूक सीएसची असेल तर त्यालाही. आणायचं म्हणाल तर बोदवडहून जळगाव फार लांब नाही. कागदही आता बहुतेक मेलवरच येतात, मूळ मिनिट बुक बघायला मात्र मी स्वतः जातो.

शेवभाजी_तिखट

कारखान्याचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, तेलासाठी अन्न परवाना, हेही बघतात का? आमच्या मिलमध्ये आलेल्या ऑडिटरनं काहीच विचारलं नाही.

सही_शिक्का

उद्योगाला खास लागू असलेले कायदे बघायचे असतात. तेल मिलला अन्न परवाना मी मागतोच, मुदत संपलेली असेल तर लिहितो. फॅक्टरी आणि कामगार कायद्यांबाबत काही जण फक्त 'पालनाची व्यवस्था आहे का' एवढं बघतात, मी परवान्याची प्रत घेतो. कुठपर्यंत जायचं यावर आमच्यातच एकमत नाही.

धाकटी_सून_बोदवड

आज रात्री जेवताना विषय काढला. मामंजी म्हणाले, "बाप-लेकात नोटीस? बरं, काढ." दीर मात्र गप्प. १ कोटी ४० लाख चेंबरच्या मशिनरीत गेलेत, मार्चपर्यंत निम्मे तरी येतील म्हणतात. आणि बोजांचं पान मी उघडलं. त्यात २०१६ चं फेडलेलं मुदत कर्ज अजून उघडंच दिसतंय.

निवृत्त_शाखाधिकारी

फेडल्याचा फॉर्म सीएचजी-४ भरायचा राहिला असेल. बँकेकडून बेबाकीचं पत्र शोधा. ती शाखा आता दुसऱ्या बँकेत विलीन झाली नसेल तर बरं.

धाकटी_सून_बोदवड

झालीय.

देवपूरचा_काका

लिफ्टचा धागा काढला आहे. कृपया तिथे या.